चोवीस तास गरम म्हणजे नेमके किती अंश?

ऑनलाइन दुकानात स्टीलचा थर्मास शोधायला बसलं की पहिल्या पाच-सहा फोटोंवर एकच ओळ दिसते: ‘२४ तास गरम, २४ तास थंड’. बाटली अर्ध्या लिटरची असो की दीड लिटरची, झाकण साधं फिरवायचं असो की बटण दाबून उघडायचं, किंमत चारशे रुपये असो की अडीच हजार, आकडा चोवीसच. आत किती अंशाचं पाणी ओतलं होतं, ते कुठल्या खोलीत ठेवलं होतं आणि चोवीस तासांनी झाकण उघडल्यावर ते किती अंशावर होतं, या तीन गोष्टी मात्र फोटोवर नसतात आणि खालच्या वर्णनातही सहसा सापडत नाहीत.

या तीन गोष्टी नसतील तर त्या ओळीला काही अर्थच उरत नाही. ‘गरम’ ही मोजता येणारी गोष्ट नाही. पंचाहत्तर अंशाचा चहा गरम असतो, आणि हात धुवायला घेतलेलं चाळीस अंशाचं पाणीही हिवाळ्यात गरमच वाटतं. ग्राहकाने तक्रार केली की चहा कोमट निघाला, तर विक्रेता म्हणू शकतो की कोमट म्हणजे गार नव्हे. दावा खोटा ठरवता येत नाही, कारण तो नीट केलेलाच नसतो.

जपानने हा गुंता फार पूर्वीच सोडवला आहे. तिथल्या घरगुती वस्तूंच्या लेबलविषयीच्या कायद्यानुसार थर्मासवर तास नव्हे, तर अंश छापले जातात. वीस अंशाच्या खोलीत थर्मास बुचाच्या खालच्या टोकापर्यंत गरम पाण्याने भरायचा, आतलं पाणी ९५ अंशावर असताना वेळ मोजायला सुरुवात करायची, थर्मास उभा ठेवायचा, आणि सहा तासांनी पाणी किती अंशावर आहे ते लिहायचं. थंडपणासाठी तसंच, फक्त सुरुवात चार अंशाच्या पाण्याने. लेबलवर मग ‘सहा तासांनी ७२ अंश किंवा जास्त’ आणि ‘सहा तासांनी ९ अंश किंवा कमी’ अशा धर्तीचे दोन आकडे येतात. ‘किंवा जास्त’, ‘किंवा कमी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. उत्पादक सगळ्यात चांगल्या बाटलीचा आकडा देत नाही, तर यापेक्षा वाईट निघणार नाही अशी हमी देतो.

हे दोन आकडे हातात असले की बाकीचं गणित घरीसुद्धा करता येतं, आणि ते करून पाहण्यासारखं आहे. त्याआधी बाटलीच्या भिंतीत काय चालतं तेवढं समजून घ्यायला हवं.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असं भांडं बनवलं, ते चहासाठी नव्हतं. द्रवरूप केलेले अतिथंड वायू टिकवणं ही त्यांची गरज होती. दोन भिंतींचं भांडं घ्यायचं आणि मधली हवा काढून टाकायची, ही कल्पना. हवाच नाही म्हटल्यावर उष्णता हवेतून वाहून जाण्याचा रस्ता बंद होतो. उरतं ते प्रारण, म्हणजे गरम पृष्ठभागावरून किरणांच्या रूपात निघणारी उष्णता. ती अडवायला ड्यूअरच्या काचेवर चांदीचा मुलामा होता. आजच्या चांगल्या स्टीलच्या बाटलीत त्याच कामासाठी आतल्या भांड्याच्या बाहेरच्या अंगाला तांब्याचा पातळ थर देतात. जाहिरातीत ‘कॉपर कोटिंग’ म्हणतात ते हेच. ते पोकळीच्या बाजूला असतं, पिण्याच्या पाण्याला लागत नाही. त्यामुळे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण त्यातून मिळतात असं कुणी लिहिलं असेल तर ते चूक आहे.

पण दोन भिंती कुठे ना कुठे एकमेकींना जोडलेल्या असतातच, आणि ती जागा म्हणजे गळा. आतलं स्टील गळ्यापाशी बाहेरच्या स्टीलला जोडलेलं असतं आणि उष्णता त्या कडेने हळूहळू बाहेर येते. स्टील त्यातल्या त्यात बरं, कारण तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते उष्णता फारच मंद वाहून नेतं. गळ्यावर झाकण असतं आणि झाकणात बहुधा पोकळी नसते, प्लास्टिक आणि फार तर थोडा फोम असतो. म्हणून रुंद तोंडाची बाटली, बाकी सगळं सारखं असताना, अरुंद तोंडाच्या बाटलीपेक्षा लवकर निवते. बर्फाचे खडे टाकायला आणि हात घालून घासायला रुंद तोंड सोयीचं, उष्णता टिकवायला अरुंद. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता गणित. साडेसातशे मिलीलिटरची एक बाटली घेऊ, जिच्यावर ‘सहा तासांनी ७२ अंश’ लिहिलं आहे. सुरुवातीला पाणी ९५ अंशाचं, खोली २० अंशाची. म्हणजे दोघांत फरक ७५ अंशांचा. सहा तासांनी पाणी ७२ वर आलं, म्हणजे फरक ५२ उरला. साधारण सत्तर टक्के. पाणी निवण्याचा नियम असा आहे की ठरावीक वेळात हा फरक ठरावीक पटीने कमी होतो. म्हणजे पुढच्या सहा तासांत ५२ चे पुन्हा सत्तर टक्के, सुमारे ३७. त्याच्या पुढे २६, आणि चोवीस तास भरले की १८. त्यात खोलीचे वीस मिळवले की पाण्याचं तापमान मिळतं: बारा तासांनी ५७, अठरा तासांनी ४६ आणि चोवीस तासांनी ३८ अंश.

अडतीस अंश. अंगात बारीक ताप असलेल्या माणसाचं तापमान. आणि ही बाटली वाईट नाही. सहा तासांनी ७२ अंश हा या आकाराला चांगला आकडा आहे. हिच्यावर ‘२४ तास गरम’ छापलं तर कायद्याच्या भाषेत वाद घालता येईल, पण संध्याकाळी भरलेला चहा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गरम मिळेल अशी समजूत करून घेणाऱ्याची ती फसवणूकच आहे. प्रामाणिक विक्रेत्याने लिहावं ते असं: सहा तासांनी प्यायला चटका बसेल इतकं गरम, बारा तासांनी सुखाने पिता येईल असं, त्यापुढे कोमट.

हा हिशेब अंदाजाचा आहे. खऱ्या बाटलीत चोवीस तासांनी दोन-चार अंशांचा फरक पडेल, कारण पाणी जसं निवतं तसं प्रारणही घटतं. पण चित्र बदलत नाही.

त्याच बाटलीत चार अंशाचं पाणी भरलं तर काय होतं? भिंत तीच, गळा तोच, म्हणून सत्तर टक्क्यांचा नियमही तोच. वीस अंशाच्या खोलीत सुरुवातीचा फरक फक्त १६. सहा तासांनी पाणी ९ अंश, बारा तासांनी १२, चोवीस तासांनी १६. बहुतेक कंपन्या गरमपेक्षा थंडचे तास जास्त का सांगतात त्याचं उत्तर इथे आहे. बाटली थंडीला वेगळं काही करत नाही. उकळत्या पाण्याचं आणि खोलीचं अंतर मोठं, गार पाण्याचं आणि खोलीचं अंतर लहान, एवढंच.

आणि नेमकी इथेच आपल्याकडची अडचण सुरू होते. वीस अंशाची खोली ही जपानच्या किंवा युरोपच्या प्रयोगशाळेतली सोय आहे. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला सावलीत ४२ अंश असतात. तिथे चार अंशाच्या पाण्याचा आणि बाहेरच्या हवेचा फरक १६ नाही, ३८ होतो. सहा तासांनी पाणी १५ अंशावर येईल, बारा तासांनी २३ वर, आणि चोवीस तासांनी ३३ वर. माठातलं पाणी त्यापेक्षा गार असतं. त्याच बाटलीने, त्याच कारखान्यातून निघून, काहीही बिघाड नसताना हे केलेलं असतं. म्हणून थंडपणाचे तास सांगताना खोलीचं तापमान लिहिणं हा बारीक अक्षरातला तपशील नव्हे, दावाच त्यावर उभा आहे.

उलट गरमच्या बाबतीत उन्हाळा बाटलीला फुकटची मदत करतो. ४२ अंशाच्या खोलीत ९५ अंशाचं पाणी चोवीस तासांनीही ५५ अंशांच्या आसपास असेल. ज्या विक्रेत्याने मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात चाचणी घेतली आणि ‘२४ तासांनी ५५ अंश’ असं लिहिलं, त्याचा थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. तीच बाटली डिसेंबरमध्ये महाबळेश्वरच्या दहा अंशाच्या खोलीत ठेवली तर चोवीस तासांनी ३० अंश दाखवेल. महाबळेश्वरला आणखी एक गोष्ट होते: तेराशे-साडेतेराशे मीटर उंचीमुळे तिथे पाणी शंभर नव्हे, ९५-९६ अंशालाच उकळतं. म्हणजे चाचणी जिथून सुरू करायची तो आकडा तिथे जेमतेम गाठला जातो. ‘उकळतं पाणी भरलं’ एवढं लिहून म्हणूनच भागत नाही, बाटलीत गेल्यावर किती होतं ते मोजावं लागतं.

‘थंड’च्या दाव्यात आणखी एक पळवाट असते, ती बर्फाची. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला एक कॅलरी उष्णता लागते, पण एक ग्रॅम बर्फ नुसतं वितळायला ऐंशी. पाव किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता गिळतो, तितक्यात साडेसातशे मिलीलिटर पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांनी तापलं असतं. वरच्या बाटलीत एक तृतीयांश बर्फ आणि बाकी बर्फाइतकंच गार पाणी भरलं, तर वीस अंशाच्या खोलीत तो बर्फ संपायला सुमारे बावीस तास लागतील आणि तोवर पाणी शून्याच्या जवळपास राहील. ४२ अंशात तोच बर्फ दहा-अकरा तासांत संपेल. तेव्हा ‘२४ तास बर्फासारखं थंड’ हा दावा खराही असू शकतो, फक्त तो बाटलीचा कमी आणि बर्फाचा जास्त असतो. बर्फ घालून चाचणी घेण्यात गैर काही नाही. लोक तसंच वापरतात. मात्र किती ग्रॅम बर्फ घातला ते लिहायला हवं, आणि बर्फाविना केलेल्या चाचणीचा आकडा शेजारी हवा.

चाचणी घरी किंवा लहान दुकानात करायची असेल तर महागडं काही लागत नाही. पाकात किंवा दुधात बुडवायचा सळीचा डिजिटल थर्मामीटर, खोलीचं तापमान दाखवणारा दुसरा एक, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. बाटली आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवायची, म्हणजे आतलं स्टील तापतं. मग ते पाणी ओतून ताजं उकळतं पाणी बुचाच्या खालपर्यंत भरायचं. सळी पाण्याच्या मधोमध धरून आकडा लिहून घ्यायचा आणि झाकण लावायचं. बाटली पंख्याखाली किंवा खिडकीत ठेवायची नाही. खोलीचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा टिपायचं. सहा तासांनी झाकण उघडण्याआधी बाटली दोनदा हलकेच उलटी-सुलटी करायची, कारण गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर झालेले असतात. वरच्या थरात सळी घातली तर आकडा फुगून येतो.

मधे मधे उघडून पाहण्याचा मोह इथे सगळ्यात जास्त घात करतो. दर तासाला झाकण काढलं की दर वेळी वाफ निघून जाते आणि बाराव्या तासाचा आकडा बाटलीवर अन्याय करणारा येतो. सहा तासांची आणि बारा तासांची चाचणी वेगवेगळी भरून, मधे अजिबात न उघडता घ्यावी लागते.

पण कार्यालयात किंवा प्रवासात कुणीच बाटली बारा तास बंद ठेवत नाही. तासाला एक कप ओतला जातो आणि बाटली रिकामी होत जाते. गळ्यातून जाणारी उष्णता जवळजवळ तेवढीच राहते, ती सोसणारं पाणी मात्र कमी होतं. वरचीच बाटली अर्धी भरली तर सहा तासांनी ७२ ऐवजी ५७ अंश मिळतील. याच कारणाने साडेतीनशे मिलीलिटरची छोटी बाटली लिटरभराच्या बाटलीची बरोबरी कधीच करू शकत नाही. एकाच मालिकेतल्या तिन्ही आकारांसाठी एकच ‘२४ तास’ छापलेले दिसले, तर निदान एका आकाराची चाचणी झालेली नाही हे नक्की समजावं.

चहाच्या बाबतीत एक वेगळा आकडा लक्षात ठेवावा लागतो. गाळून थर्मासमध्ये ओतेपर्यंत दुधाचा चहा ९५ चा ८५ अंशावर आलेला असतो. २८ अंशाच्या खोलीत आपल्या बाटलीत तो सहा तासांनी ६८ अंश असेल आणि साधारण साडेनऊ-दहा तासांनी ६० च्या खाली जाईल. दुधाचे पदार्थ साठच्या खाली रेंगाळले की जंतूंची वाढ होऊ लागते. म्हणून दुधाच्या चहासाठी, बाळाच्या दुधासाठी किंवा सुपासाठी ‘किती तास गरम’ यापेक्षा ‘किती तास साठच्या वर’ हा प्रश्न विचारायला हवा. असा आकडा देणारी लिस्टिंग शोधूनही क्वचित सापडते. देता मात्र प्रत्येकाला येईल.

आता गळतीकडे. इथे ‘लीकप्रूफ’ हा एकच शब्द सगळं काम करतो आणि सोबत बाटली उलटी धरलेला फोटो असतो. उलट्या धरलेल्या बाटलीतून पाणी न पडणं ही अगदी सोपी परीक्षा आहे. ती गार पाण्याने केलेली असते, काही सेकंदांची असते, आणि झाकण नवं कोरं असतं. दफ्तरात वह्यांवर आडवी पडलेली, घाटातल्या वळणांवर हिंदकळणारी, गरम चहाने अर्धी भरलेली बाटली ही वेगळीच गोष्ट आहे.

‘अर्धी भरलेली’ आणि ‘गरम’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. गरम पाणी ओतून लगेच झाकण लावलं की वर थोडी हवा अडकते, आणि ती पाण्यापेक्षा गार असते. बाटली हलली की ती हवा तापते, शिवाय पाण्याची वाफ तिच्यात मिसळते. ९५ अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब एकट्याने वातावरणाच्या दाबाच्या आठ-दशांशाहून थोडा जास्त असतो. म्हणजे बंद बाटलीत दाब चांगलाच चढतो आणि तो पाण्याला झाकणाच्या रिंगेकडे ढकलतो. बाटली जितकी रिकामी तितकी हवेला जागा जास्त. गार पाण्याने भरून उलटी धरलेली बाटली हे काहीच दाखवत नाही. पुढे पाणी निवलं की उलटं होतं: आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, झाकण आत ओढलं जातं आणि उघडताना जोर लागतो. गरम भरलेल्या बाटलीचं झाकण काही तासांनी अडकतं त्यामागचं हे कारण आहे, झाकण खराब नसतं.

स्टीलच्या निर्वात कपांसाठीच्या चिनी राष्ट्रीय मानकात याचा विचार केलेला दिसतो. बाटली निम्मी भरायची, तीही नव्वद अंशांच्या वरच्या पाण्याने. झाकण घट्ट लावायचं. मग अर्ध्या मीटरच्या टप्प्यात, सेकंदाला एकदा या गतीने, दहा वेळा वर-खाली झटकायचं आणि पाणी आलं का ते पाहायचं. आपल्या बाजारातल्या अनेक बाटल्या चीनमध्येच बनतात, त्यामुळे त्या कारखान्यांना ही परीक्षा परकी नाही. एखाद्या विक्रेत्याने लिस्टिंगमध्ये या दोन ओळी लिहिल्या तर उलट्या बाटलीच्या दहा फोटोंपेक्षा त्यांतून जास्त कळेल.

नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात मात्र एक उणीव आहे. झाकणाच्या आट्यांमध्ये अडकलेले दोन-चार थेंब बाहेर दिसत नाहीत, आणि गरम असताना ते वाळूनही जातात. त्यासाठी वजनकाटा. बाटली भरून, बाहेरून कोरडी पुसून तिचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्यायचं. झाकणाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून, बाटली आडवी करून, पिशवीत घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी पेपर काढून पुन्हा वजन. एक ग्रॅम म्हणजे साधारण वीस थेंब. वजन तेच आणि पेपर कोरडा, तर बाटली त्या स्थितीत गळत नाही असं म्हणता येतं. वजन दोन ग्रॅमने कमी झालं आणि पेपर ओला असला तर दफ्तरातली वही भिजणार.

ही परीक्षा झाकणाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी घ्यावी लागते. आट्यांचं साधं बूच सगळ्यात भरवशाचं, कारण त्यात एक रिंग आणि एक सांधा एवढंच असतं. बटण दाबून ओतायच्या झाकणात एक झडप आणि एक स्प्रिंग येते. दुधाची साय झडपेखाली अडकली की ती पूर्ण बसत नाही. नळीच्या किंवा सरकत्या झाकणाच्या मगला ‘शिंतोडे उडणार नाहीत’ इतकंच म्हणावं. तो आडवा ठेवण्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि प्रामाणिक विक्रेता तसं लिहितो.

झाकण नवं असताना न गळणं पुरेसं नसतं. बहुतेक गळत्या सिलिकॉनच्या रिंगेपाशी सुरू होतात. धुताना रिंग काढली जाते आणि परत बसवताना उलटी बसते, किंवा एका जागी पिळवटलेली राहते. काही रिंगांना एका बाजूला ओठासारखी कड असते, ती खालच्या बाजूलाच यावी लागते. लिस्टिंगमध्ये रिंग कशी बसवायची याचा एक जवळून काढलेला फोटो आणि सुटी रिंग कुठे, किती रुपयांना मिळते ही माहिती असेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने ती ‘लीकप्रूफ’ शब्दापेक्षा जास्त कामाची. आणि कुठल्याही रिंगेचा भरवसा सोड्याच्या पेयांपुढे धरू नये. सोडा, कोल्ड्रिंक किंवा आंबत जाणारं ताक बंद बाटलीत वायू सोडत राहतं, दाब वाढत जातो आणि झाकण उघडताना उडू शकतं.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेली लिस्टिंग लांबलचक व्हायची गरज नाही. आपल्या साडेसातशे मिलीलिटरच्या बाटलीसाठी ती अशी असू शकेल:

‘पूर्ण भरलेल्या बाटलीत, २० अंशाच्या खोलीत, ९५ अंशाचं पाणी सहा तासांनी किमान ७२ अंश, बारा तासांनी किमान ५५ अंश. चार अंशाचं पाणी, बर्फ न घालता, सहा तासांनी कमाल ९ अंश. ४० अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात हेच पाणी सहा तासांत १५ अंशांपर्यंत चढेल. दिवसभर गार हवं असल्यास पाव किलो बर्फ घाला. अर्धी भरल्यास गरमपणा सुमारे निम्मा वेळ टिकेल. गळतीची चाचणी: ९० अंशांवरच्या पाण्याने अर्धी भरून दहा झटके, त्यानंतर आठ तास आडवी, वजनात एक ग्रॅमचाही फरक नाही. सोड्याची पेयं भरू नयेत. रिंग धुतल्यावर चपटी बाजू वर ठेवून बसवा.’

हे वाचून एखादा ग्राहक ‘२४ तास’वाल्या शेजारच्या बाटलीकडे वळेल, ही भीती विक्रेत्यांना वाटते आणि ती खोटी नाही. पण ज्याने हे वाचून बाटली घेतली, तो दुसऱ्या दिवशी ‘चहा कोमट झाला’ म्हणून परत करायला येणार नाही. काय मिळणार हे त्याला आधीच माहीत असतं.

सरकारी चिन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. २०२३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर घरगुती थर्मास आणि निर्वात बाटल्यांवर भारतीय मानक ब्युरोचं आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं; स्टीलच्या निर्वात बाटल्यांसाठीचं मानक आहे आयएस १७५२६. बाटली ठरलेल्या किमान कसोटीला उतरते, एवढं ते चिन्ह सांगतं. शेजारी छापलेल्या चोवीस तासांची जबाबदारी ते घेत नाही. ती जबाबदारी जाहिरात करणाऱ्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि केलेला दावा सिद्ध करता आला पाहिजे असं त्यात सांगितलं. प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तक्रार करायची तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, पण त्यासाठी हातात ‘कोमट होता’ यापेक्षा ठोस काही हवं: सुरुवातीचं तापमान, खोलीचं तापमान, सहा तासांनंतरचं तापमान आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट.

हे मोजण्याची योग्य वेळ म्हणजे परत करण्याची मुदत संपण्याआधीचे दिवस. बाटली घरी आली की पहिल्याच संध्याकाळी उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवावा. गळ्याजवळ किंचित ऊब लागेल, ती ठीक आहे. पण पोटाला किंवा बुडाला गरम लागलं, तर आतली पोकळी निर्वात राहिलेली नाही आणि ती बाटली दोन तासांतच गार होणार. तिचे तास मोजत बसण्यात अर्थ नाही. कारखान्यात पोकळीचं तोंड बहुधा बुडाशीच बंद केलेलं असतं आणि वर झाकणारी चकती चिकटवलेली असते. म्हणून बुडाला पोचा आलेली बाटली पेटीतून निघाली, तर वर कितीही चकचकीत दिसली तरी ठेवून घेऊ नये. गरम पाण्याची ही परीक्षा पुढेही अधूनमधून करता येते, विशेषतः बाटली हातातून फरशीवर पडली असेल तेव्हा. पडण्याआधी सहा तासांनी किती अंश मिळत होते तो आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवलेला असला, तर पोच्याने नुकसान केलं की नाही ते एका दुपारीत कळतं.